कार्डाला जादा, रोखीला सूट : हिशेब एकच, मग राग एकाचाच का?

पत्र : घरात कपडे धुण्याचं यंत्र घ्यायचं होतं. दुकानात पाटीवर किंमत १०,००० होती. पसंत केलं, घरपोच पाठवायचं ठरलं आणि मी कार्ड काढल्यावर दुकानदार म्हणाले, “कार्डावर २५० जास्त पडतील, मशीनच कापून घेतं, आमच्या हातात काही नाही.” मी मुकाट्याने दिले. घरी आल्यावर पाहिलं तर बिलावर १०,०००च लिहिलेत. दुसऱ्या दिवशी शेजारच्या दुकानात तेच यंत्र १०,२५० ला दिसलं आणि खाली पाटी होती, ‘रोखीने घेतल्यास २५० सूट’. भाऊ म्हणतो, दोन्हीकडे हिशेब एकच, तू उगाच चिडतेस. पण मला पहिल्या दुकानाचा राग येतो, दुसऱ्याचा येत नाही. माझं चुकतंय का? पहिल्या दुकानाची तक्रार करावी का? आणि यापुढे मोठी खरेदी रोखीनेच करावी का?

उत्तर : तुमच्या भावाने फक्त शेवटचे दोन आकडे पाहिले. रोखीने १०,००० आणि कार्डाने १०,२५०, दोन्ही दुकानांत हेच, तेव्हा त्याची बेरीज बिनचूक आहे. पण खरेदी म्हणजे फक्त शेवटचा आकडा नसतो. तो आकडा तुम्हाला कधी कळला, कुठे लिहिलेला होता आणि तो कळल्यावर दुसरीकडे जायची मोकळीक उरली होती का, हेही त्यात येतं. तुमचा राग तिथून आलेला आहे आणि तो मला रास्त वाटतो. फक्त तो नेमका कशाचा असावा, याबद्दल मला थोडं वेगळं सांगायचं आहे.

आधी त्या ‘मशीनच कापून घेतं’ या वाक्याकडे बघू, कारण बहुतेकांचा घोटाळा इथेच होतो. मशीन तुमच्याकडून काहीही कापत नाही. दुकानदार मशीनमध्ये जो आकडा टाकतो, तेवढीच रक्कम तुमच्या कार्डावरून जाते. त्यांनी १०,००० टाकले असते तर तुमचे १०,०००च गेले असते. कापलं जातं ते दुकानदाराच्या बाजूने. तुमचे १०,००० निघतात आणि एकदोन दिवसांत त्याच्या खात्यात, समजा, ९,८०० जमा होतात. मधले २०० तिघांत वाटले जातात. मोठा वाटा जातो तुम्हाला कार्ड देणाऱ्या बँकेकडे, त्याला इंटरचेंज म्हणतात. थोडा वाटा कार्डाचं जाळं चालवणाऱ्या कंपनीचा आणि उरलेला दुकानाला मशीन देणाऱ्या बँकेचा किंवा कंपनीचा. तिन्ही मिळून जे होतं त्याला दुकानदार मंडळी ‘एमडीआर’ म्हणतात. जागेचं भाडं किंवा विजेचं बिल जसा दुकानाचा खर्च, तसाच हाही दुकानाचा खर्च. दुकान आणि त्याची बँक यांच्या करारातला. तो तुमच्याकडून वसूल करायचा की किमतीतच धरायचा, हे दुकानदार ठरवतो. त्यामुळे ‘आमच्या हातात काही नाही’ हे खरं नव्हतं.

तरीही दुकानदाराची अडचण खोटी नाही. त्याने ते यंत्र ९,४०० ला आणलं असं धरा. सुटतात ६००. त्यातून जागा, नोकर, वीज, पोचवणावळ. त्या ६०० मधले २०० कार्डापायी गेले, म्हणजे नफ्याचा तिसरा हिस्सा गेला. दोन टक्के हा आकडा ऐकायला किरकोळ वाटतो, पण ते दोन टक्के विक्रीवर मोजले जातात, नफ्यावर नाही. ज्या धंद्यात नफाच चारपाच टक्के सुटतो, तिथे कार्डाचा खर्च निम्मा नफा खाऊ शकतो. छोट्या रकमेला आणखी एक अडचण असते. अनेक करारांत टक्केवारीशिवाय प्रत्येक व्यवहारामागे एक ठरावीक रक्कमही असते आणि लहान बिलावर तीच जड जाते. काही दुकानं ‘अमुक रकमेच्या खाली कार्ड चालणार नाही’ अशी पाटी लावतात, ती यामुळे.

शिवाय सगळी कार्डं सारखी नसतात. साध्या डेबिट कार्डाचा खर्च बहुतेक ठिकाणी कमी असतो आणि भरपूर पॉइंट देणाऱ्या क्रेडिट कार्डाचा जास्त. ते पॉइंट, ते विमानतळावरचं आराम कक्ष, ते परत मिळणारे पैसे येतात कुठून? बराचसा भाग त्याच इंटरचेंजमधून येतो. म्हणजे गिऱ्हाईकाला फुकट वाटणारी बक्षिसं दुकानदाराच्या गल्ल्यातून निघतात. दुकानदार ती सगळ्यांच्या किमतीत मिसळतो आणि ज्याच्याकडे असं कार्ड नाही, जो रोखीने घेतो, तोही ती भरतो. कार्डावाल्यांकडून वेगळे पैसे घेण्याच्या बाजूने जो सर्वांत प्रामाणिक युक्तिवाद आहे तो हाच : ज्याच्यामुळे खर्च होतो त्याने भरावा. मला हा युक्तिवाद पटतो. पण तो पटला की लगेच पुढचा प्रश्न येतो : दुकानदाराने घेतलेली रक्कम खरोखर त्या खर्चाएवढीच आहे का?

तुमच्याच व्यवहारावर मोजून बघू. दुकानाचा दर दोन टक्के आहे असं समजा. मशीनमध्ये १०,२५० टाकल्यामुळे शुल्क १०,२५० वर लागलं, म्हणजे २०५. दुकानदाराच्या हातात पडले १०,०४५. रोखीने घेतलं असतं तर १०,००० पडले असते. म्हणजे बँकेचं भागवून वर ४५ उरले. नुसता खर्चच भरून काढायचा असता तर सुमारे २०४ पुरले असते. (२०० नव्हे, कारण जादा घेतलेल्या रकमेवरही दोन टक्के कापले जातात.) आता समजा तुम्ही डेबिट कार्ड वापरलं होतं आणि त्याचा दर अर्धा टक्काच होता. मग शुल्क झालं साधारण ५१ आणि दुकानदाराला कार्डाच्या नावावर जवळजवळ २०० जास्त मिळाले. सरसकट ‘कार्डाला अडीच टक्के’ लावणाऱ्या दुकानात डेबिट कार्डावाला गिऱ्हाईक बहुतेक वेळा खर्चाच्या कितीतरी पट भरत असतो. तुम्ही कुठलं कार्ड वापरलं हे पत्रात लिहिलेलं नाही. उत्तराच्या शेवटाकडे त्यावर बरंच काही अवलंबून आहे, तेव्हा ते आधी बघून ठेवा.

आता तुमच्या भावाकडे वळू. जादा आकार आणि सूट यांत फरक आहे की नाही, हा वाद चांगला जुना आहे आणि अमेरिकेत तो कायद्यापर्यंत, पुढे न्यायालयापर्यंत गेला. १९७४ मध्ये तिथे कायदा झाला की रोखीने देणाऱ्याला दुकानाने सूट दिली, तर कार्ड कंपन्यांना ती अडवता येणार नाही. १९७६ मध्ये त्यात भर पडली : सूट चालेल, पण कार्डावाल्याकडून जादा घेणं चालणार नाही. हिशेब तोच, पण एक दिशा कायदेशीर आणि दुसरी बेकायदा. कार्ड कंपन्यांचाच आग्रह होता की दोन किमतींत फरक ठेवायचाच असेल, तर त्याला ‘रोखीची सूट’ म्हणावं, ‘कार्डाचा आकार’ म्हणू नये. अर्थशास्त्रज्ञ रिचर्ड थेलर यांनी १९८० मध्ये हेच उदाहरण दाखवून दिलं. खिशातून जास्तीचे पैसे गेले तर ते नुकसान म्हणून झोंबतं. मिळू शकली असती ती सूट घेतली नाही, तर तेवढं झोंबत नाही. पुढे मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनीही माणसाच्या निर्णयांबद्दल लिहिताना याच उदाहरणाचा आधार घेतला. गिऱ्हाईक जादा आकाराला बिचकून कार्ड परत खिशात ठेवील, सूट सोडताना मात्र फारसा विचार करणार नाही, हे कार्ड कंपन्यांनी ओळखलं होतं.

म्हणून ‘मला पहिल्याचा राग येतो, दुसऱ्याचा नाही’ यात तुमचं काही वेडेपण नाही. बहुतेक माणसांना असंच वाटतं. पण त्याचा एक अर्थ असाही होतो की दुसऱ्या दुकानाबद्दल तुम्हाला जे बरं वाटलं, त्यातला काही भाग निव्वळ मांडणीने मिळवलेला आहे. तो दुकानदार तुमच्यावर मेहेरबान नव्हता. त्याने कार्डाचा खर्च आधीच पाटीवरच्या किमतीत धरला आणि रोखीवाल्याला तो परत केला. त्यात वाईट काहीच नाही, पण तो दानशूर आणि पहिला लुटारू अशी वाटणीही करू नका.

मग खरा फरक कुठे? पाटीवरचा आकडा कोणाचा आहे, यात. तुमच्यासारखं कोडं पडलेल्या कोणालाही मी हीच एक कसोटी सांगेन. वस्तूवर किंवा फळीवर लावलेली किंमत बघायची. कार्डाने देणारा त्याहून जास्त देत असेल तर तो जादा आकार. कार्डाने देणारा तेवढेच देत असेल आणि रोखीने देणारा कमी, तर ती सूट. दुकानदार तोंडाने काय म्हणतो, बिलावर कुठला शब्द छापलेला आहे, याला महत्त्व नाही.

ही कसोटी कामाची का, ते सांगते. समजा तुमच्या गावात तिसरंही दुकान होतं, ज्याने १०,१५० ची पाटी लावली होती आणि रोख काय, कार्ड काय, किंमत तीच. तुम्ही पाट्या वाचत फिरलात तर १०,००० वाल्या दुकानात शिरणार, कारण तेच सर्वांत स्वस्त दिसतं. पण तुम्ही कार्डाने देणार होतात. तुमच्यासाठी तिथली खरी किंमत १०,२५० होती आणि स्वस्त होतं ते तिसरं दुकान. पाटीवरच्या आकड्याने तुम्हाला आत आणलं आणि खरा आकडा कळला तेव्हा वस्तू पसंत करून, पत्ता लिहून देऊन, कार्ड हातात घेऊन झालं होतं. त्या क्षणी फार थोडी माणसं मागे फिरतात. सुटीच्या पद्धतीत असं होऊ शकत नाही. पाटीवर मोठा आकडा असतो, त्यामुळे कल्पनेपेक्षा जास्त देण्याची वेळ कोणावरच येत नाही. झालं तर थोडं कमीच होतं. तुमची हरकत २५० ला असण्यापेक्षा ते तुम्हाला इतक्या उशिरा सांगितले याला असावी. त्याच दुकानाने दारावर आणि गल्ल्यापाशी ‘क्रेडिट कार्डाला अडीच टक्के जादा’ अशी ठळक पाटी लावली असती, तर रक्कम तीच असूनही माझी तक्रार बरीच सौम्य झाली असती.

अमेरिकेतल्या वादाचा शेवटही याच मुद्द्यापाशी आला. कार्डावरच्या जादा आकाराला बंदी घालणारा देशपातळीवरचा नियम १९८४ मध्ये संपला, पण न्यूयॉर्कसारख्या राज्यांनी आपापले कायदे केले आणि कार्ड कंपन्यांच्या करारांतही बंदी चालूच राहिली. करारातली ती बंदी तिथे २०१३ मध्ये सैल झाली. न्यूयॉर्कमधल्या काही व्यावसायिकांनी, त्यात एक केशकर्तनालयही होतं, राज्याच्या कायद्याला आव्हान दिलं. त्यांचं म्हणणं साधारण असं : आम्ही दोन किमती ठेवू शकतो, फक्त फरकाला ‘जादा’ म्हणू शकत नाही, म्हणजे हा कायदा किमतीवर बंधन घालत नाही, आमच्या बोलण्यावर घालतो. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं की हा कायदा किंमत कशी सांगावी याचं, म्हणजे बोलण्याचं, नियमन करतो. पुढच्या वर्षी न्यूयॉर्कच्या सर्वोच्च पातळीवरच्या न्यायालयाने त्या कायद्याचा अर्थ लावला तो असा : फरकाला हवं ते म्हणा, पण कार्डाने देणाऱ्याला एकूण किती पडणार तो पूर्ण आकडा लिहून लावा. नुसते ‘इतके टक्के जादा’ पुरेसे नाहीत. गिऱ्हाईकाला दुकानात उभं राहून टक्केवारी काढायला लागू नये, हे मला त्यातलं सर्वांत शहाणपणाचं वाटतं.

एक तिसरा प्रकारही सांगून ठेवते, कारण तुमच्यासारखे पत्र लिहिणारे बरेचदा यातच फसलेले असतात. दुकानात पाटी असते ‘रोखीला सूट’. फळीवर किंमत १००. गल्ल्यावर यंत्र प्रत्येक बिलात आपोआप ४ मिळवतं, त्याला ‘सेवा आकार’ किंवा ‘समायोजन’ असं काहीतरी नाव असतं आणि रोखीने दिलं तर ते ४ पुन्हा वजा होतात. रोखीवाल्याने दिले १००, म्हणजे फळीवर होते तेवढेच. त्याला सूट कसली मिळाली? कार्डावाल्याने दिले १०४. वरची कसोटी लावली की लगेच कळतं, हा जादा आकारच आहे, फक्त सुटीचं नाव लावलेलं. जिथे जादा आकाराला बंदी किंवा मर्यादा आहे, तिथे ती चुकवायला ही युक्ती वापरली जाते. ओळखायची खूण एकच : बिलात एक ओळ आधी मिळवलेली आणि दुसरी तेवढीच वजा केलेली.

तक्रार करावी का, हे तुम्ही कुठे राहता आणि कुठलं कार्ड वापरलं त्यावर ठरेल, कारण नियम देशागणिक वेगळे आहेत. युरोपीय संघात आणि ब्रिटनमध्ये जानेवारी २०१८ पासून सामान्य ग्राहकांच्या नेहमीच्या कार्डांवर जादा आकार घेताच येत नाही. युरोपने त्याआधी, २०१५ च्या नियमाने, इंटरचेंजच डेबिटला ०.२ टक्के आणि क्रेडिटला ०.३ टक्के इतकं खाली आणलं होतं, त्यामुळे दुकानदारालाही ओरडायला फारशी जागा उरली नाही. ऑस्ट्रेलियाने उलट वाट धरली. तिथल्या मध्यवर्ती बँकेने २००३ पासून दुकानांना जादा आकार घेण्याची मोकळीक दिली आणि नंतर खर्चापेक्षा जास्त घेण्यावर बंदी आणली. अमेरिकेत बहुतेक राज्यांत क्रेडिट कार्डावर मर्यादेत जादा घेता येतं, डेबिटवर नाही. भारतात रिझर्व्ह बँकेच्या सूचनांनुसार डेबिट कार्डाचा हा खर्च दुकानाने गिऱ्हाईकावर टाकायचा नसतो. मशीनवरच्या डेबिट व्यवहाराच्या शुल्कालाही २०१८ पासून छोट्या दुकानांसाठी ०.४० आणि इतरांसाठी ०.९० टक्के अशी कमाल मर्यादा आहे. रुपे डेबिट कार्ड आणि भीम-यूपीआय यांच्यावर तर जानेवारी २०२० पासून हे शुल्कच नाही. म्हणजे डेबिट कार्डावर अडीच टक्के मागणारा दुकानदार, यांतल्या बहुतेक ठिकाणी, जे घेऊ नये तेच घेतो आहे.

तुमच्या बाबतीत मला २५० पेक्षा बिलाची काळजी जास्त वाटते. बिल आणि मशीनमधून निघालेली कार्डाची पावती शेजारीशेजारी ठेवा. एकावर १०,०००, दुसरीवर १०,२५०. हे २५० कशाचे, हे कुठल्याच कागदावर नाही. उद्या यंत्र बिघडून परत करायची वेळ आली, तर दुकान बिलावरचे १०,००० परत देईल आणि २५० विसरून जाईल. म्हणून आधी दुकानात जा, दोन्ही कागद दाखवा आणि शांतपणे म्हणा, “एक तर २५० परत करा, नाहीतर बिलावर वेगळ्या ओळीत लिहून द्या.” बरेच दुकानदार इथेच पैसे परत देतात, कारण लेखी देणं त्यांना नको असतं. नाहीच ऐकलं तर कार्डाच्या पावतीवर वरच्या बाजूला मशीन देणाऱ्या बँकेचं किंवा कंपनीचं नाव आणि दुकानाचा क्रमांक असतो. तक्रार तिथे करायची आणि तुम्हाला कार्ड देणाऱ्या बँकेकडेही. दोन्ही कागदांचे फोटो जोडा, तारीख आणि रक्कम लिहा, दुकानदाराचे शब्द लिहा. दुकानाशी करार त्या मशीनवाल्या बँकेचा असतो, त्यामुळे दुकानदार तिचं ऐकतो. फोटो मात्र आजच काढून ठेवा. त्या पातळ कागदावरची छपाई काही महिन्यांत उडून जाते.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, यापुढे रोखच बरी का. दुसऱ्या दुकानातली सूट टक्क्यांत मोजली तर १०,२५० वर २५० म्हणजे जेमतेम २.४. तुमचं कार्ड एक टक्का परत देत असेल तर ते साधारण १०० होतात. म्हणजे रोखीने दीडशेच्या आसपास वाचतात. नुसतं एवढंच बघायचं असेल तर रोखीने घ्या. पण तुमची वस्तू घरपोच येणार होती, हे विसरू नका. पैसे आज आणि वस्तू चार दिवसांनी, अशा खरेदीत कार्डाचा एक मोठा उपयोग असतो. वस्तू आलीच नाही किंवा भलतीच आली आणि दुकानाने हात वर केले, तर कार्डाच्या बँकेकडे व्यवहारावर हरकत घेता येते. ती दुकानाच्या बँकेकडून खुलासा मागते आणि पैसे परत मिळण्याची शक्यता असते. रोख दिली की ती वाट बंद. अनोळखी दुकान, आगाऊ पैसे आणि उशिराची पोचवणी असेल, तर मी स्वतः दोनअडीच टक्के सोडून कार्डानेच देईन. वस्तू तिथेच तपासून हातात घेऊन निघायचं असेल, तर रोखीची सूट खुशाल घ्या. आणि क्रेडिट कार्डाचं बिल तुम्ही महिन्याच्या महिन्याला पूर्ण भरत नसाल, तर हा सगळा हिशेब बाजूला ठेवा. थकलेल्या रकमेवरचं व्याज या अडीच टक्क्यांना केव्हाच गिळून टाकतं.

बहुतेक लोक एक प्रश्न विचारायचा विसरतात : “रोखीची किंमत थेट खात्यात पैसे पाठवले तर मिळेल का?” खात्यातून खात्यात पैसे पाठवण्याचा दुकानदाराला खर्च बहुधा शून्य किंवा किरकोळ असतो. त्याच्या दृष्टीने ते रोखीइतकंच चांगलं, उलट नोटा मोजा, सांभाळा, बँकेत नेऊन भरा, हा व्यापही वाचतो. रोख हाताळण्यालाही खर्च असतो, फक्त तो वेगळा दिसत नाही. मागितलं तर बरेच दुकानदार हो म्हणतात. तुमच्याकडेही पैसे दिल्याची नोंद राहते, मात्र हरकत घेण्याची कार्डासारखी सोय यात नसते, तेव्हा घरपोच वस्तूच्या बाबतीत पुन्हा वरचाच विचार करा.

सूट ‘बिल नको असेल तर’ या अटीवर मिळत असेल, तर मात्र ती घेऊ नका. तिथे दुकानदार कार्डाचा खर्च वाचवत नसतो, विक्रीच लपवत असतो. बिल नाही म्हणजे हमी नाही, बदलून मिळणार नाही आणि तक्रार करायला पुरावाही नाही.

पुढच्या खेपेला वस्तू पसंत करायच्या आधीच विचारा, “सगळं धरून कार्डाने किती आणि रोखीने किती? दोन्ही आकडे सांगा.” टक्के ऐकून घेऊ नका, आकडे घ्या. मग कुठलं कार्ड हे विचारा, डेबिट आणि क्रेडिट यांना वेगळा दर आहे का ते बघा. कार्ड टेकवायच्या आधी मशीनच्या पडद्यावरचा आकडा वाचा. तो बिलाशी जुळत नसेल तर तिथेच थांबा आणि बिल दुरुस्त करून मागा. एकदा पैसे गेले की सगळं अवघड होतं, पडद्यावर आकडा दिसत असताना तुम्ही अजून मोकळ्या असता.

दुकान चालवणारेही हे सदर वाचतात, त्यांच्यासाठी एवढंच : कार्डाचा खर्च तुम्हाला जड जातो हे मान्य. मग पाटीवर कार्डाची किंमत लावा आणि खाली रोखीची लिहा. दोन्ही आकडे, दोन्ही सारख्याच मोठ्या अक्षरांत. गिऱ्हाईक दुखावणार नाही आणि खर्चही वसूल होईल. वसूल करताना तुमचा खरा दर काय आहे ते महिन्याच्या हिशेबपत्रकात बघा. तिथे डेबिट आणि क्रेडिट बहुधा वेगळं दाखवलेलं असतं. दर फारच जास्त वाटला तर गिऱ्हाईकाकडे बोट दाखवण्याआधी मशीन देणाऱ्या बँकेशी घासाघीस करा. विक्री वाढलेली असेल तर दर कमी करून मिळतो.

तुमच्या भावालाही हे वाचायला द्या आणि त्याला तिसऱ्या दुकानाचं उदाहरण दाखवा. यंत्र घरी आलं नसेल तर ते येईपर्यंत कार्डाची पावती आणि बिल एकाच पाकिटात ठेवा, आणि दुकानात जाताना आधी कार्ड डेबिट आहे की क्रेडिट ते बघून मगच जा.